चलनावर बारा टन, आवारात साडेअकरा

*काका, मी डिचोलीचा, सिव्हिल डिप्लोमा. फोंड्याजवळ एका जी प्लस फोर इमारतीवर कॉन्ट्रॅक्टरकडे साइट इंजिनिअर आहे. परवा स्टीलची गाडी आली. चलन १२.१८० टनांचं. स्टोअरकीपरनं सही करून गाडी सोडली. संध्याकाळी मी बंडलं मोजली: ८ एमएमच्या ९०० सळ्या, १० च्या ३५०, १२ च्या २०० आणि १६ च्या १३०. टेबलाप्रमाणे वजन ११.४५३ टन येतं, म्हणजे ७२७ किलो कमी. स्टोअरकीपर म्हणतो, "रोलिंग मार्जिन असतं, सोड." प्रोजेक्ट मॅनेजर आमच्याच गावचे, त्यांनीच मला इथं चिकटवलं, आणि सप्लायर त्यांच्या उठण्याबसण्यातला. जानेवारीत मला कायम करणार आहेत. पुढच्या मंगळवारी दुसरा स्लॅब आहे. सांगू की गप्प बसू? नाव छापू नका.*

सांग. फक्त काय सांगायचं ते नीट ठरवून सांग. "स्टील चोरलं" हा तुझा अंदाज आहे, "मोजणीत इतक्या सळ्या भरल्या" हा तुझा हिशेब आहे. तू हिशेबापुरतंच बोल. हे उत्तर छापून यायच्या आधीच तुला मेलवर धाडलं आहे, कारण तुझा स्लॅब माझ्या सदरासाठी थांबणार नाही, आणि सळ्या एकदा काँक्रीटखाली गेल्या की तुझा पुरावाही तिथंच गेला.

स्टोअरकीपरला आधी खोटा ठरवू नकोस. रोलिंग मार्जिन ही खरी गोष्ट आहे. तू ज्या टेबलावरून वजन काढलंस (व्यासाचा वर्ग भागिले १६२, तेच ते) ते आदर्श वजन. मिलमधून निघालेली सळी त्याहून थोडी जड किंवा हलकी असू शकते, आणि किती असावी याची मर्यादा सळ्यांच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात दिलेली आहे. दहा एमएमपर्यंत सात टक्के वर-खाली, त्यापुढे सोळापर्यंत पाच टक्के, त्याहून जाड सळीला तीन टक्के. आता तुझीच गाडी घे. प्रत्येक सळी या मर्यादेच्या अगदी वरच्या टोकाला जड आली असं धरलं, तर ८ एमएमचं वजन ४.५६५ टन होतं, १० चं २.७७३, १२ चं २.२३८ आणि १६ चं २.५८८. बेरीज १२.१६४ टन. म्हणजे चलनाच्या जवळजवळ बरोबरीला येऊन थांबते. उरलेले सोळा-सतरा किलो ट्रकच्या काट्यावर कुणी मोजत नाही. तेव्हा "मार्जिननं हे शक्यच नाही" असं ठणकावून सांगता येणार नाही. शक्य आहे, पण चारही मापांच्या सगळ्या सळ्या एकाच दिवशी कमाल जाड निघाल्या तरच.

आणि हे तपासायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक मापाच्या वेगवेगळ्या बंडलांतून चार-पाच सळ्या काढ, कटरनं बरोबर एक मीटरचा तुकडा काप, टोकं वाकलेली नकोत. आपल्याकडे पावसात पडलेल्या स्टीलवर आठवड्यात गंज धरतो, चिखलही असतो, तो तारेच्या ब्रशनं काढ. मग ग्रॅम दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन घे. बाजारातल्या काजूवाल्याकडे असतो तसला काटाही चालेल, फक्त त्याला आधी एक किलोचं माप ठेवून बघ. ८ एमएमचा एक मीटर तुकडा ३९५ ग्रॅम भरायला हवा, १० चा ६१७, १२ चा ८८८, १६ चा १.५८ किलो.

तुकडे जड निघाले, ८ एमएमचा ४२० ग्रॅमच्या आसपास, तर स्टोअरकीपर बरोबर आणि कुणी काही चोरलं नाही. तरीही ऑफिसला कळवायला हवं. आपण टनानं पैसे देतो आणि मीटरनं वापरतो. जड सळीत मीटर कमी मिळतात, मग पुढची ऑर्डर कुठल्या मिलची द्यायची, टेबलाच्या वजनावर दर ठरवायचा का, हे खरेदीवाल्यानं बघायचं.

माझा अंदाज मात्र उलटा आहे. छोट्या मिलांचं स्टील बहुतेक वेळा हलकंच सापडतं. समज, तुझे तुकडे सरासरी ३८०, ५९५, ८६५ ग्रॅम आणि १.५५ किलो भरले. हे सगळं मर्यादेत आहे, माल नाकारता येणार नाही. पण मग ९०० सळ्यांचे १०,८०० मीटर गुणिले ३८० ग्रॅम म्हणजे ४.१०४ टन, १० एमएमचं २.४९९, १२ चं २.०७६, १६ चं २.४१८. एकूण ११.०९७ टन. तुझी तूट ७२७ किलो राहिलीच नाही, १,०८३ किलो झाली. ज्या मार्जिनचा आडोसा घेऊन तुला गप्प केलं, त्याच मार्जिननं खड्डा मोठा केला. पन्नास-पंचावन्न रुपये किलो धरलं तरी एका गाडीत पंचावन्न-साठ हजार.

पण तोंड उघडण्याआधी तुझी स्वतःची मोजणी पुन्हा कर. साखळीकडच्या एका कामावर माझ्या हाताखाली असाच एक हुशार पोरगा होता. त्यानं गाडीत तूट काढली आणि दुपारच्या जेवणाला सगळ्यांसमोर सप्लायरच्या माणसाला चोर म्हटलं. तपासलं तेव्हा कळलं की काट्याच्या पावतीत बाइंडिंग वायरची वेटोळी धरलेली होती, ती स्टोअरच्या खोलीत गेली होती, आणि १६ एमएमची काही बंडलं दुसऱ्या विंगच्या प्लायखाली उतरवलेली होती. तूट शून्य. पुढं सहा-आठ महिन्यांनी त्यानं खरीखुरी तूट पकडली, तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण दुसऱ्या वेळी त्याचा आकडा बरोबर होता.

तेव्हा बाइंडिंग वायर त्याच पावतीत आहे का ते बघ. गाडीत दुसऱ्या कुणाचा माल होता का, हे ई-वे बिलावर आणि बिलावर कळेल. फिटरनं तुझ्या मोजणीआधी काही सळ्या कापायला नेल्या का ते त्यालाच विचार, तो सांगेल. आणि टेप लाव. आपण सळी बारा मीटरची धरतो, पण ८ एमएमची सळी बऱ्याचदा मधोमध दुमडून येते आणि त्यात पावणेबारा मीटरची निघाली तर कुणाच्या लक्षात येत नाही. तेवढ्यानं दोन टक्के जातात, आणि ते सप्लायरकडे मागण्यासारखे दोन टक्के आहेत.

यातून काहीच निघालं नाही तर प्रश्न काट्यावर येतो. डिचोलीच्या पोराला काटा काय असतो ते मी सांगायला नको, खाणी जोरात चालू होत्या तेव्हा टिपरांच्या रांगा तू बघितल्याच असशील. तिथल्या खोड्या इथंही तशाच. भरलेली गाडी काट्यावर चढते तेव्हा ड्रायव्हर, क्लीनर दोघं केबिनमध्ये, डिझेलची टाकी भरलेली, मागे पाण्याचं पिंप. रिकामी चढते तेव्हा यातलं काही नाही. पण एवढ्यानं दोनशे-तीनशे किलो फिरतात, हजार नाही. हजार किलो फिरतात ते दोन प्रकारे. एक म्हणजे गाडीचं रिकामं वजन त्या दिवशी घेतलेलंच नसतं, आरसी बुकावरचं किंवा कुठल्या तरी जुन्या पावतीवरचं उतरवून काढलेलं असतं, आणि गाडीवर मधल्या काळात बांधलेला जाड पत्रा, लोखंडी फाळके त्यात धरलेलेच नसतात. दुसरं म्हणजे वजन बरोबर, पण काटा आणि तुझं गेट यांच्या मध्ये कुठं तरी गाडी थांबली आणि वीस-बावीस बंडलं उतरली. पावती हातात घे आणि वेळा वाच. भरलेल्या आणि रिकाम्या वजनाच्या वेळा दोन्ही छापलेल्या आहेत का? रिकामं वजन आपल्याकडे माल उतरल्यानंतरचं आहे की लोड करण्याआधीचं? काट्यावरून निघाल्याची वेळ आणि तुमच्या गेट रजिस्टरमधली वेळ यांत किती अंतर पडलं? अर्ध्या तासाच्या रस्त्याला अडीच तास लागले असतील तर वेळा लिहून ठेव. त्यापुढं निष्कर्ष काढू नकोस, रस्त्यात टायरही पंक्चर होतो.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. तुला वाटतंय की गप्प बसणं म्हणजे या भानगडीच्या बाहेर राहणं. महिनाअखेरीस स्टीलचं रिकन्सिलिएशन, म्हणजे आवक आणि वापराचा ताळमेळ, कोण करतं? बहुतेक तूच. रजिस्टरला आवक १२.१८०. तुझ्या बार बेंडिंग शेड्यूलमधून निघणारा वापर, तीन टक्के तुकडे-भंगार सोडून, ११.१ टनांच्या आसपास. मधले १.०७ टन कुठं दाखवणार? वेस्टेजमध्ये. आवकीच्या जवळजवळ नऊ टक्के वेस्टेज, आणि त्या कागदावर खाली सही तुझी. उद्या ऑफिसचा ऑडिटवाला आला तर तो स्टोअरकीपरला विचारणार नाही, त्याच्याकडे चलन आहे आणि काट्याची पावती आहे. तो तुला विचारेल की साइटवर एक टन स्टील गेलं कुठं. माझ्या पाहण्यात अशा प्रकरणात आधी घरी जातो तो शेवटचा कागद भरणारा.

याहून वाईट रस्ता दुसरा. कुणीतरी तुला सुचवेल की वेस्टेज एवढं दाखवू नकोस, स्लॅबमध्ये ॲडजस्ट कर. ८ एमएमच्या सळ्यांमधलं अंतर १५० एमएमऐवजी १७५ धरलं की त्या दिशेचं स्टील १४ टक्क्यांनी कमी होतं, आणि वरून बघणाऱ्याला पटकन कळत नाही. इथपर्यंत हा पैशांचा मामला होता. सळ्या कमी आल्या म्हणून इमारत कमजोर होत नाही, ड्रॉइंगप्रमाणे बांधायला कमी पडल्या तर आणखी मागवता येतात. पण अंतर वाढलं की तो मामला इमारतीचा झाला. तुकड्यांची सरासरी मर्यादेच्या खाली गेली, म्हणजे ८ एमएमची ३६७ ग्रॅमच्या आत, तरी तेच. या दोन्हीपैकी काहीही झालं तर मॅनेजर काय म्हणतात त्यावर थांबायचं नाही, स्ट्रक्चरल कन्सल्टंटला लेखी कळवायचं आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पोअरकार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर, सही करायची नाही. काणकोणला ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि तीसहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक कामगारच. तिथलं कारण मी तुझ्या गाडीला चिकटवत नाही. स्लॅबखाली कोण उभं असतं एवढंच ध्यानात ठेव.

मॅनेजरांना कसं सांगायचं ते बघू. ते गावचे आहेत, त्यांनी तुला लावलं आहे, तर त्यांना बाजूला टाकून वर जाऊ नकोस. त्यांना ते कायमचं लागेल, आणि ते निर्दोष असतील तर तू विनाकारण माणूस तोडलास. पण नुसतं तोंडीही सोडू नकोस. सकाळी साइटवर, इतर कुणी नसताना, एवढंच म्हण: "सर, परवाच्या गाडीची मोजणी केली, चलनापेक्षा कमी बसते. माझी चूक असू शकते. स्लॅबसाठी कापायला घेण्याआधी स्टोअरवाल्याला घेऊन परत मोजूया का?" सप्लायरचं नाव काढू नकोस. आकडासुद्धा त्यांनी विचारला तरच सांग.

ते "हो, मोज" म्हणाले तर तुझं अर्धं काम झालं. तू, स्टोअरकीपर आणि फिटरांचा मुकादम, तिघांनी मिळून मोजा, सप्लायरचा माणूस आला तर उत्तमच. मापवार संख्या, लांबी, तुकड्यांची वजनं एका कागदावर, खाली तिघांच्या सह्या, तारीख. स्टोअरकीपरनं आधी सही केलेल्या चलनावर मागाहून शेरा मारू नकोस, मारायला लावूही नकोस. ते कागदपत्रांत फेरफार केल्यासारखं दिसतं. शेरा जातो तो मटेरियल रिसीट नोटवर: चलनाप्रमाणे इतकं, प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे इतकं, फरक इतका. ती नोट नेहमीच्या वाटेनं मॅनेजरांना आणि अकाउंट्सला जाते. दोघांनाही एकाच मेलवर पाठव, कारण नेहमीची पद्धतच ती आहे. बिल अजून पास झालं नसेल तर अकाउंट्सवाला डेबिट नोट काढेल, सप्लायर कुरकुर करत मान्य करेल किंवा करणार नाही, ते त्या दोघांचं भांडण. अशा तुटी रोज कुठं ना कुठं वळत्या होतात, कुणी पोलीस बोलावत नाही. काटाच चुकीचा असल्याचा संशय आला तर त्यासाठी सरकारचं वैधमापन खातं आहे, ट्रकच्या काट्याची दर वर्षी फेरतपासणी करून शिक्का घ्यावा लागतो. पण ती तक्रार कंपनीनं करायची, तू नव्हे.

आणि ते म्हणाले "तुला कुणी मोजायला सांगितलं?" तर? वाद घालू नकोस. "ठीक आहे सर" म्हण आणि त्याच दिवशी त्यांना दोन ओळींचा मेल कर: आज सकाळी बोलल्याप्रमाणे अमुक चलनाच्या मालाची माझी मोजणी अशी आहे, पुन्हा मोजावी अशी विनंती, स्लॅबसाठी या मालातून कापणी सुरू होत आहे. बस्स. विशेषण एकही नको. उत्तर आलं नाही तरी चालेल. महिनाअखेरीचं रिकन्सिलिएशन करताना आवकीच्या रकान्यात चलनाचा आकडा लिही, शेजारी मोजणीचा लिही, शेऱ्यात त्या मेलची तारीख टाक. ते पत्रक अकाउंट्सला जातंच.

याची किंमत तुला पडू शकते, ते लपवत नाही. मॅनेजर त्यात असतील तर जानेवारीत तुझं कन्फर्मेशन लांबेल, तुला कुठल्या तरी कंपाउंड वॉलच्या कामावर टाकतील, गावात तुझ्या वडिलांना कुणी दोन शब्द ऐकवेल. गोवा एवढासा, फोंड्यात बोललेलं संध्याकाळी डिचोलीत पोचतं. पण तेच उलट बाजूनंही खरं आहे. स्टीलचा हिशेब चोख ठेवणारा साइट इंजिनिअर शोधायला कॉन्ट्रॅक्टर एकमेकांना फोन करतात, मीही असे फोन घेतलेत. त्यांना तुझा डिप्लोमा किती टक्क्यांचा हे विचारायचं नसतं.

स्टोअरकीपरबद्दल एक. तू त्याला एव्हाना गुन्हेगार ठरवलं असशील. बहुतेक साइटवर तो माणूस एकटा असतो, गाडी दुपारी येते, ड्रायव्हरला घाट चढून परत जायची घाई, क्रेन नाही, हातानं उतरवायचं, तो पावतीवरचा आकडा रजिस्टरमध्ये उतरवून मोकळा होतो. सगळेच पैसे खात नाहीत, बरेच जण मोजायचा कंटाळा करतात. मोजणीला त्याला बरोबर घे, त्याच्यावर घेऊ नकोस. त्यानं सही केली तर तुझा कागद दुप्पट जड होतो.

पुढच्या गाडीला हे सगळं लागणारच नाही, जर तू मॅनेजरांकडून एवढीच परवानगी घेतलीस: गाडी साइटवर येण्याआधी आपण निवडलेल्या काट्यावर भरलेलं वजन, उतरून झाल्यावर लगेच त्याच काट्यावर रिकामं वजन, दोन्ही वेळा केबिनमध्ये तीच माणसं. काट्याचे शे-दोनशे रुपये कंपनीचे. आणि चलनावर सही करण्याआधी बंडलांची संख्या मापवार. याला कुणी नाही म्हणणार नाही, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं.

मंगळवारच्या आधी तुकड्यांची वजनं मला कळव. ८ एमएमचे तुकडे ४२० ग्रॅमच्या घरात आले तर वरचं माझं निम्मं गणित रद्द, आणि मग तुला मेल अकाउंट्सला नाही, खरेदी विभागाला लिहायचा आहे.